सर्वात जास्त पावसाचे २४ तास नेमके कोणते? 'स्लायडिंग विंडो' पद्धत सोप्या भाषेत

२५ जुलै २०२४ च्या सकाळी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात सोसायट्यांमध्ये पाणी शिरलेलं होतं. त्या दिवशी शिवाजीनगर वेधशाळेत २४ तासांत ११४.१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'मुसळधार' आणि त्यापुढे २०४.४ पर्यंत 'अति मुसळधार'. म्हणजे ही नोंद 'मुसळधार'मध्येच राहिली, पुढच्या वर्गापासून अवघी दीड मिलिमीटर दूर.

आता प्रश्न असा की हे '२४ तास' कुठून कुठपर्यंतचे? हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. तो सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. पाऊस मात्र घड्याळ बघून पडत नाही. तो पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत चालला, तर त्याचे दोन तुकडे होऊन दोन वेगवेगळ्या दिवसांच्या खात्यात जातात.

सर्वाधिक पावसाचे खरे २४ तास शोधायचे असतील, तर साडेआठची ही रेघ पुसावी लागते आणि २४ तासांची चौकट पुढे सरकवत प्रत्येक जागी बेरीज बघावी लागते. कॉम्प्युटरच्या भाषेत या पद्धतीला 'स्लायडिंग विंडो' म्हणतात, म्हणजेच सरकती खिडकी. ती कशी चालते, कुठे फसते आणि तिच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हे या लेखात समजून घेऊ.

साडेआठची रेघ कुठून आली?

जगभरातल्या वेधशाळा काही ठरलेल्या जागतिक वेळांना एकाच क्षणी नोंदी घेतात, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या हवामानाची तुलना करता येते. त्यातली एक वेळ म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजता. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे, म्हणून आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात.

साध्या पर्जन्यमापकाजवळ कर्मचारी साडेआठला जातो, साठलेलं पाणी मोजतो, ओतून देतो आणि आकडा वहीत लिहितो. हा आकडा मोजण्याच्या तारखेला लिहिला जातो. म्हणूनच मुंबईत २६ जुलै २००५ च्या दुपारनंतर जो प्रलय झाला, त्याची सांताक्रूझची ९४४ मिलिमीटरची नोंद २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची आहे. तो पाऊस दुपारी सुरू झाला म्हणून त्याचा मुख्य भाग एकाच खात्यात बसला. दरवेळी असं होत नाही.

पुणेकरांना हा विषय तसा घरचाच आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात हललं, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला आजही लोक 'सिमला ऑफिस' म्हणतात. देशभरातल्या हवामान नोंदी सांभाळणारं खात्याचं राष्ट्रीय डेटा केंद्रही पुण्यातच आहे.

रेघेमुळे किती फरक पडतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, म्हणजे हिशोब स्वच्छ राहील. समजा एका गावात मंगळवारी पहाटे अडीचला पाऊस सुरू झाला आणि दुपारी अडीचला थांबला. बारा तास सलग, दर तासाला १० मिलिमीटर. एकूण पाऊस १२० मिलिमीटर.

साडेआठला कर्मचारी माप घेतो. तोपर्यंत सहा तास पाऊस पडलेला आहे, म्हणून मंगळवारची नोंद ६० मिलिमीटर. उरलेला सहा तासांचा पाऊस बुधवारी सकाळी मोजला जातो, म्हणून बुधवारची नोंदही ६० मिलिमीटर. वहीत दोन दिवस ६०-६० दिसतात आणि त्यातला एकही 'मुसळधार' ठरत नाही, कारण ती मर्यादा ६४.५ पासून सुरू होते. प्रत्यक्षात गावाने २४ तासांत १२० मिलिमीटर झेलला आहे, आणि तो थेट 'अति मुसळधार' वर्गात बसतो. मधला एक अख्खा वर्ग ओलांडला गेला, पण वहीला पत्ता नाही.

हा फरक फक्त कागदावर राहत नाही. महाराष्ट्रात पिकांच्या नुकसानभरपाईसाठी 'अतिवृष्टी' धरताना महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस हा निकष वापरला जातो. दिवस ठरलेल्या वेळेलाच कापला, तर वरच्या उदाहरणातलं गाव दोन्ही दिवशी पाच मिलिमीटरने बाहेर राहतं.

चूक जास्तीत जास्त किती होऊ शकते, हे सोप्या तर्काने सांगता येतं. सलग २४ तासांची कुठलीही चौकट जास्तीत जास्त दोन पावसाळी दिवसांना शिवते. त्यामुळे त्या दोन दिवसांपैकी निदान एका दिवसाची नोंद खऱ्या बेरजेच्या निम्मी तरी असतेच. म्हणजे नोंदीतला सर्वात मोठा दिवस खऱ्या कमाल आकड्याच्या निम्म्यापेक्षा खाली जाऊ शकत नाही, आणि आपल्या उदाहरणात नेमकी ही टोकाची परिस्थिती आहे. बऱ्याच वादळांची सरासरी काढली तर फरक बराच कमी भरतो. दिवसातून एकदाच मोजलेल्या कमाल पावसाला १.१३ ने गुणून खऱ्या २४ तासांच्या कमाल पावसाचा अंदाज बांधायची पद्धत जलविज्ञानात अनेक दशकं रूढ आहे, आणि जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही ती आहे.

पण १.१३ हा सरासरीचा आकडा झाला. ज्या ठिकाणी दर तासाची नोंद उपलब्ध आहे, तिथे अंदाज कशाला बांधायचा? सरळ शोधून काढता येतं.

साधी पद्धत: प्रत्येक चौकटीची नवी बेरीज

आधी छोटं उदाहरण. आठ तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा आहे: २, ५, १, ८, २०, १४, ३, ०. यातले सर्वाधिक पावसाचे सलग तीन तास शोधायचे आहेत.

पहिली चौकट पहिल्या तीन आकड्यांची, दुसरी चौकट दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत, असं करत शेवटची चौकट सहाव्यापासून आठव्यापर्यंत. एकूण चौकटी किती? आकड्यांची संख्या वजा चौकटीची लांबी अधिक एक, म्हणजे ८ - ३ + १ = ६. प्रत्येक चौकटीची बेरीज करायची आणि सर्वात मोठी निवडायची. उत्तर बरोबर येतं.

अडचण येते ती आकडे वाढल्यावर. वर्षाचे तास ८,७६०. २४ तासांच्या चौकटी होतात ८,७३७ आणि प्रत्येकीला २३ बेरजा लागतात, म्हणजे सुमारे २ लाख बेरजा. कॉम्प्युटरला हे काहीच नाही. पण नोंद दर मिनिटाची असेल तर वर्षात ५,२५,६०० आकडे येतात आणि २४ तासांची चौकट १,४४० आकड्यांची होते. आता बेरजा लागतात सुमारे ७५ कोटी. आणि हे एका केंद्राचं एकच वर्ष झालं. पन्नास केंद्रांची तीस वर्षं तपासायची असतील, तर हाच आकडा आणखी दीड हजार पटींनी वाढतो.

सरकती खिडकी: फक्त दोन आकडे बदलतात

वरच्या पद्धतीत वाया काय जातं ते बघा. पहिली चौकट २, ५, १ आणि दुसरी ५, १, ८. मधले ५ आणि १ दोन्हीकडे आहेत. त्यांची बेरीज आपण आधीच केलेली होती, ती टाकून दिली आणि पुन्हा केली.

चौकट एक घर पुढे सरकते तेव्हा फक्त दोन गोष्टी घडतात. उजवीकडून एक नवा आकडा आत येतो आणि डावीकडून एक जुना आकडा बाहेर पडतो. म्हणून नवी बेरीज म्हणजे जुनी बेरीज, त्यात येणारा आकडा मिळवायचा आणि जाणारा वजा करायचा. बस एवढंच.

आपल्या आठ आकड्यांवर करून बघू:

- पहिली चौकट: २ + ५ + १ = ८. ही एकच बेरीज पूर्ण करावी लागते. सध्याचं सर्वाधिक ८.
- ८ आत, २ बाहेर: ८ + ८ - २ = १४. नवं सर्वाधिक १४.
- २० आत, ५ बाहेर: १४ + २० - ५ = २९. नवं सर्वाधिक २९.
- १४ आत, १ बाहेर: २९ + १४ - १ = ४२. नवं सर्वाधिक ४२.
- ३ आत, ८ बाहेर: ४२ + ३ - ८ = ३७. सर्वाधिक ४२ च राहतं.
- ० आत, २० बाहेर: ३७ + ० - २० = १७. सर्वाधिक ४२ च.

उत्तर ४२ मिलिमीटर, चौथ्या ते सहाव्या तासात. पडताळा घ्यायचा तर ८ + २० + १४ = ४२.

प्रत्येक सरकण्याला एक बेरीज आणि एक वजाबाकी, चौकट तीन तासांची असो वा १,४४० मिनिटांची. दर मिनिटाच्या वर्षभराच्या नोंदीला आता सुमारे साडेदहा लाख क्रिया पुरतात. ७५ कोटींच्या जागी साडेदहा लाख, म्हणजे सातशे पटींहून जास्त बचत. चौकट जेवढी लांब, तेवढी बचत मोठी.

पायथॉनमध्ये हेच असं लिहिता येतं:

```python
def max_window(a, k):
    if k < 1 or k > len(a):
        return None
    total = sum(a[:k])
    best, start = total, 0
    for i in range(k, len(a)):
        total += a[i] - a[i - k]
        if total > best:
            best, start = total, i - k + 1
    return best, start
```

इथे `a` म्हणजे आकड्यांची यादी आणि `k` म्हणजे चौकटीची लांबी. `a[i]` हा आत येणारा आकडा, `a[i - k]` हा बाहेर पडणारा. सर्वात मोठ्या बेरजेसोबत ती चौकट कुठे सुरू होते हेही `start` मध्ये लक्षात ठेवलं जातं, कारण नुसता आकडा पुरत नाही, ते तास कोणते हेही सांगावं लागतं. आपल्या आठ आकड्यांना `max_window([2, 5, 1, 8, 20, 14, 3, 0], 3)` असं चालवलं की `(42, 3)` मिळतं. पायथॉन शून्यापासून मोजतो, म्हणून ३ म्हणजे चौथा तास.

आता मंगळवारचा पाऊस पुन्हा बघू

सोमवारी सकाळी साडेआठपासून बुधवारी सकाळी साडेआठपर्यंत ४८ तास. पहिले १८ तास शून्य, मग १२ तास दर तासाला १०, मग पुन्हा १८ तास शून्य. चौकट २४ तासांची, म्हणजे ४८ - २४ + १ = २५ चौकटी.

पहिली चौकट सोमवार साडेआठ ते मंगळवार साडेआठ. तिची बेरीज ६०. हीच वहीतली मंगळवारची नोंद. आता चौकट एक तास सरकवली की मंगळवारचा साडेआठ ते साडेनऊचा १० मिलिमीटर आत येतो आणि सोमवार सकाळचा कोरडा तास बाहेर जातो. बेरीज ७०. पुढे ८०, ९०, १००, ११०. सहाव्यांदा सरकल्यावर चौकट सोमवार दुपारी अडीच ते मंगळवार दुपारी अडीच अशी बसते आणि बेरीज होते १२०.

त्यानंतर काही काळ कोरडा तास आत येतो आणि कोरडाच बाहेर जातो, म्हणून बेरीज १२० वरच राहते. मग पहाटेचे पावसाचे तास एकेक करून बाहेर पडू लागतात आणि शेवटच्या चौकटीपर्यंत बेरीज पुन्हा ६० वर येते. हीच वहीतली बुधवारची नोंद. म्हणजे वहीने २५ चौकटींपैकी फक्त पहिली आणि शेवटची पाहिली होती, आणि नेमक्या त्याच दोन सर्वात लहान होत्या.

इथे एक बारीक गोष्ट आहे. १२० ही बेरीज एका नाही, १३ चौकटींत येते. वरच्या कोडमध्ये `>` हे चिन्ह आहे, म्हणून बरोबरी झाली तर पहिली चौकट कायम राहते. `>=` लिहिलं तर शेवटची मिळेल. दोन्ही बरोबर आहेत, पण बातमीत किंवा अहवालात 'सोमवारी दुपारी अडीचपासून' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला पाऊस सोमवारीच सुरू झाला असं वाटेल. अशा वेळी चौकटीच्या आतला पहिला आणि शेवटचा पावसाळी तास वेगळा शोधून द्यायला हवा.

किती तासांची चौकट घ्यायची?

पद्धत कुठल्याही लांबीला चालते, पण लांबी तुम्हीच ठरवावी लागते, आणि ती प्रश्नानुसार बदलते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजच्या बाजूने येऊन सहकारनगरमार्गे मुठेला मिळणारा हा ओढा. त्या रात्री शहर आणि परिसरात वीसहून अधिक जणांचा जीव गेला. तो पाऊस काही तासांतच कोसळलेला होता. अशा लहान ओढ्यात डोंगरावरचं पाणी थोड्या वेळातच खाली पोहोचतं, त्यामुळे तिथे एक, दोन किंवा तीन तासांची चौकट महत्त्वाची. २४ तासांची बेरीज घेतली, तर तीन तासांत कोसळलेला पाऊस आणि दिवसभर रिमझिम पडलेला तेवढाच पाऊस सारखेच दिसतात.

याउलट मोठ्या नदीच्या खोऱ्यात दूरवरचं पाणी पोहोचायला बराच वेळ लागतो. तिथे एक, दोन किंवा तीन दिवसांच्या चौकटी बघतात. ढोबळ नियम असा की पाणलोटाच्या सर्वात लांबच्या टोकापासूनचं पाणी पुलापर्यंत यायला जितका वेळ लागतो, साधारण तितकी चौकट घ्यायची.

लांबी ठरवताना एक चूक फार होते. `k` म्हणजे तास नव्हे, `k` म्हणजे आकड्यांची संख्या. नोंद दर तासाची असेल तर २४ तासांसाठी `k` २४. नोंद दर १५ मिनिटांची असेल तर `k` ९६ हवा. तिथे २४ च ठेवलं, तर कोड काही तक्रार न करता सहा तासांची बेरीज देतो आणि ती २४ तासांची म्हणून छापली जाते.

पद्धत कुठे फसते आणि ते कसं ओळखायचं?

*साठत जाणारे आकडे.* अनेक स्वयंचलित केंद्रं 'या तासात किती पाऊस पडला' हे देत नाहीत, तर 'सकाळी साडेआठपासून आतापर्यंत किती पडला' हे देतात. असे आकडे १०, २०, ३० असे चढत जातात आणि साडेआठला पुन्हा शून्यावर येतात. त्यांची बेरीज केली तर तोच पाऊस पुन्हा पुन्हा मोजला जातो. ओळखायची खूण म्हणजे पाऊस थांबल्यावरही आकडा शून्यावर न येणं. उपाय म्हणजे आधी प्रत्येक आकड्यातून मागचा आकडा वजा करून तासाचा पाऊस काढायचा. फक्त साडेआठनंतरच्या पहिल्या नोंदीला वजाबाकी करायची नाही, कारण तिथे मोजणी नव्याने सुरू झालेली असते. तिथे वजाबाकी केली तर उणे पाऊस येईल.

*गाळलेल्या नोंदी.* वीज गेली, यंत्र बंद पडलं, आणि फाइलमध्ये तीन तासांच्या ओळीच नाहीत. कोडला हे कळत नाही. तो सलग २४ ओळी घेतो, पण त्या प्रत्यक्षात २७ तासांवर पसरलेल्या असतात आणि बेरीज वाढलेली येते. म्हणून उत्तर मिळाल्यावर चौकटीच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीची वेळ तपासायची. दर तासाच्या २४ नोंदींमध्ये पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत २३ तासांचंच अंतर हवं.

*रिकाम्या नोंदी.* हा धोका खास सरकत्या खिडकीचा आहे. गाळलेला आकडा पुष्कळदा `nan` म्हणून साठवतात, म्हणजे 'आकडा नाही'. त्यात काहीही मिळवलं किंवा त्यातून काहीही वजा केलं तरी उत्तर `nan` च येतं. साधी पद्धत दर चौकटीला नवी बेरीज करते, म्हणून तो आकडा मागे पडला की ती सावरते. सरकती खिडकी जुनीच बेरीज पुढे नेते. एकदा `nan` आत आला की तो वजा होऊन बाहेर पडतच नाही आणि पुढचं अख्खं वर्ष बिघडतं. वर आणखी गंमत अशी की `nan` ची तुलना नेहमी खोटी ठरते, त्यामुळे `best` बदलत नाही आणि कोड बिघाडाच्या आधीचं उत्तर निमूटपणे परत करतो. जूनच्या अखेरीस एक नोंद रिकामी असेल, तर जुलैचा महापूर त्याला दिसणारच नाही. सर्वाधिक पावसाची चौकट संशयास्पदरीत्या फाइलच्या सुरुवातीलाच सापडत असेल, तर आधी हे तपासा.

यावर उपाय सोपा आहे. रिकाम्या जागी बेरजेसाठी शून्य धरायचं आणि चौकटीत किती रिकाम्या नोंदी आहेत याची वेगळी मोजणी त्याच पद्धतीने सरकवायची: रिकामी आत आली की एक मिळवा, बाहेर गेली की एक वजा करा. ज्या चौकटीत ही मोजणी शून्य नाही, तिची बेरीज 'किमान एवढी' म्हणून वाचायची. रिकाम्या जागी -९९९ लिहिण्याची प्रथा असेल तरी हेच करायचं, नाहीतर तो आकडा ज्या ज्या चौकटीत येईल त्या सगळ्या खाली खेचल्या जातील.

*`best` ची सुरुवात शून्यापासून.* पाऊस कधी उणे नसतो, म्हणून इथे ही चूक लपून राहते. पण हाच कोड धरणातल्या पाण्याच्या रोजच्या फरकावर चालवून बघा. उन्हाळ्यातले पाच दिवस: -३, -१, -४, -२, -५. सलग दोन दिवसांच्या बेरजा -४, -५, -६, -७. सर्वात मोठी -४. `best = 0` पासून सुरुवात केली तर उत्तर येईल शून्य, आणि तशी चौकट मुळात अस्तित्वातच नाही. म्हणून सुरुवात नेहमी पहिल्या चौकटीच्या बेरजेपासून करायची.

*दशांशांची किरकोळ गळती.* ०.१ सारखे आकडे कॉम्प्युटर तंतोतंत साठवू शकत नाही. लाखो वेळा मिळवणं आणि वजा करणं झालं की बेरीज दूरच्या दशांश स्थळात किंचित हलते. एरवी ते चालतं, पण बरोबरी तपासताना किंवा ६४.५ च्या उंबरठ्यावर ते नडतं. पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत नोंदवतात, म्हणून सगळे आकडे दहाने गुणून पूर्णांक करायचे आणि शेवटी दहाने भागायचं.

ही पद्धत कशाला चालत नाही?

बेरजेला ही युक्ती चालते, कारण जाणारा आकडा वजा करून त्याचा परिणाम पूर्ण पुसता येतो. सरासरीलाही म्हणूनच चालते. पण 'या चौकटीतला सर्वात मोठा एक तास कोणता' असं विचारलं तर ती अडते. सर्वात मोठा आकडाच बाहेर पडला, तर त्याच्या खालोखालचा कोण हे वजाबाकीने कळत नाही. त्यासाठी चौकटीतले काही आकडे क्रमाने लक्षात ठेवणारी वेगळी रचना लागते.

तसंच, लांबी ठरलेली नसेल आणि 'कितीही दिवसांचा सलग कालावधी घ्या, पण बेरीज सर्वात मोठी हवी' असा प्रश्न असेल, तर त्याची पद्धतही वेगळी आहे. पावसाच्या बाबतीत तर त्या प्रश्नाला अर्थच नाही, कारण आकडे उणे नसल्यामुळे अख्खं वर्ष हेच उत्तर येईल.

मग आलेलं उत्तर अगदी खरं मानायचं का?

जवळपास. चौकट आपण तासातासाने सरकवली, पण पाऊस तासाच्या ठोक्यावरही सुरू होत नाही. सर्वाधिक पावसाचे खरे २४ तास सहा वाजून वीस मिनिटांनी सुरू होत असतील, तर तासाच्या नोंदीतून ते पकडता येणार नाहीत. साडेआठची रेघ पुसली तरी तासाची बारीक रेघ उरतेच.

ही चूक किती, याचाही अंदाज आहे. दिवसातून एकदा मोजमाप असेल तर दुरुस्तीचा गुणक १.१३. २४ तासांचे दोन भाग करून मोजलं तर तो १.०४ वर येतो. दर तासाला, म्हणजे २४ भागांत मोजलं तर १.०१. म्हणजे सुमारे १३ टक्क्यांची सरासरी तूट तासाच्या नोंदीमुळे एका टक्क्यावर येते.

मात्र हाच गुणक छोट्या चौकटीला पुन्हा मोठा होतो. सर्वाधिक पावसाचा एक तास शोधायचा असेल आणि नोंदही तासाचीच असेल, तर चौकटीत एकच आकडा असतो, सरकवायला काही उरत नाही आणि तूट पुन्हा १३ टक्क्यांच्या घरात जाते. आंबिल ओढ्यासारख्या ठिकाणी तासाभराचा पाऊस महत्त्वाचा आहे, म्हणून तिथे तासाची नोंद पुरत नाही, १०-१५ मिनिटांची लागते. पुढच्या वेळी 'शहरात तासाभरात इतका पाऊस' अशी बातमी वाचाल, तेव्हा तो तास घड्याळाचा होता की सरकवून शोधलेला, हे बघायला विसरू नका.